‘छान होतं’च्या पुढचं वाक्य

दिवाळीचा फराळ विकणाऱ्या कुठल्याही घरगुती व्यवसायाचा फोन भाऊबीजेनंतर उघडून पाहिला, तर त्यात ठरावीक चार-पाच गोष्टी सापडतात. ‘छान होतं सगळं’, ‘मस्त’, ‘चकली एक नंबर’, हात जोडलेलं चित्र, अंगठा. विकणारीला बरं वाटतं, ती लगेच त्याचा स्क्रीनशॉट काढते आणि स्टेटसला टाकते. स्टेटस बघणारी दुसरी बाई ‘छान’ वाचते आणि अंगठ्याने पुढे सरकते. ती विश्वास ठेवत नाही असं नाही. त्या ‘छान’मध्ये तिच्या कामाचं काही नसतं.

तिच्या कामाचं काय असतं, हे समजून घ्यायला ती कोण आहे ते बघावं लागतं. समजा, फराळ डोंबिवलीत होतो आणि ती बेंगळुरूत राहते. नोकरी, दोन मुलं, दिवाळीच्या आदल्या आठवड्यापर्यंत ऑफिस. घरी चकलीची भाजणी करायला वेळ नाही आणि तिथल्या मिठाईच्या दुकानात अनारसे मिळत नाहीत. तिला फराळ हवाच आहे. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी: कुरिअरमध्ये करंज्यांचा चुरा होईल का? चकली सादळेल का? तळलेलं खवट लागेल का? आणि एवढे पैसे भरून डबा दिवाळी झाल्यावर पोचला तर? या शंका ती विचारत नाही. विचारल्या तरी विकणारी ‘नाही हो, काही होत नाही’ असंच म्हणणार, हे तिला ठाऊक असतं. या प्रश्नांचं उत्तर तिला तिच्यासारख्याच, आधी पैसे भरून बसलेल्या दुसऱ्या बाईकडून हवं असतं.

छोट्या व्यवसायांची लेबलं, पत्रकं आणि जाहिरातींचा मजकूर लिहून देणं हे माझं काम आहे, त्यामुळे असे ‘छान’चे ढीग माझ्याकडे नेहमी येतात. ‘यातलं काहीतरी चांगलं वेचून द्या’ असं सांगितलं जातं. वेचायला त्यात बहुधा काही नसतं, कारण ग्राहकाला तसं काही विचारलेलंच नसतं. चांगल्या अभिप्रायाचं निम्मं काम तो मागतानाच होतं. संपादन नंतरचं.

मागण्याची सर्रास दिसणारी पद्धत अशी: ‘आदरणीय ग्राहक, आमच्या फराळाबद्दल आपला बहुमूल्य अभिप्राय कळवावा ही नम्र विनंती.’ ही ओळ ब्रॉडकास्ट लिस्टवर टाकली जाते. तिचा पहिला तोटा तांत्रिक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच मिळतो, आणि वर्षातून एकदा फराळ मागवणारे कितीतरी लोक तो सेव्हच करत नाहीत. ज्यांना मिळतो, त्यांना तो सगळ्यांना गेलेला आहे हे पहिल्या दोन शब्दांत कळतं. दुसरा तोटा मोठा आहे. अशा भाषेत विचारलं की माणूस सत्कार समारंभाला उभा राहिल्यासारखा बोलू लागतो. उत्तर येतं, ‘आपले सर्व पदार्थ अत्यंत रुचकर व दर्जेदार आहेत. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ हीच बाई बहिणीशी फोनवर बोलताना ‘अगं, चकल्या बघ ना, अजून कुरकुरीत आहेत’ म्हणाली असेल. ते वाक्य आपल्याला हवं होतं. आपण मागितलं मात्र भाषण.

म्हणून एकेकाला वेगळा मेसेज पाठवायचा, आणि त्यात त्या माणसाच्या ऑर्डरमधली एखादी खरी गोष्ट असली पाहिजे. सगळ्यांना पाठवायची गरज नाही. ज्यांनी दुसऱ्यांदा मागवलं, ज्यांनी आपणहून काही कळवलं, ज्यांचा डबा लांब गेला, अशांना आधी. वेळही पाहावी लागते. डबा पोचला त्याच दिवशी विचारलं तर ‘हो, मिळाला, थँक्यू’ एवढंच येतं, कारण तेव्हा अजून कोणी काही खाल्लेलं नसतं. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबलं तर डबे धुऊन माळ्यावर गेलेले असतात आणि कोणता पदार्थ कसा होता ते आठवत नाही. भाऊबीजेनंतरचे तीन-चार दिवस बरे: पाहुणे येऊन गेलेले असतात, आणि डब्याच्या तळाशी थोडा चिवडा अजून उरलेला असतो. दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री कामं आवरल्यावर पाठवलेल्या मेसेजला माणूस सावकाश उत्तर देतो. सकाळी आठला विचारलं तर अंगठा येतो.

मेसेज असा असू शकतो:

‘नमस्कार ताई, डबा भाऊबीजेच्या आधी पोचला ना? बेंगळुरूला पाठवताना मला करंज्यांचीच काळजी होती. डबा उघडला तेव्हा कशा होत्या, ते जरा सांगाल का? फुटल्या असतील तर तेही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी पॅकिंग बदलता येईल.’

यात अभिप्राय हा शब्दच नाही. मुख्य प्रश्न एकच आहे, आणि तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल आहे. ‘कसं वाटलं?’ विचारलं की विशेषण येतं, ‘डबा उघडला तेव्हा काय दिसलं?’ विचारलं की हकिकत येते. आणि शेवटचं वाक्य नुसतं सभ्यतेचं नाही. ‘वाईट असेल तर तेही सांगा’ म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. त्यानंतर तो जे चांगलं सांगेल, ते भिडेपोटी सांगितलेलं नसतं.

उत्तर आलं, संभाषण चालू राहिलं, तर दुसरा प्रश्न: ‘मागवण्याआधी मनात काही शंका होती का?’ माझ्या मते सगळ्या प्रश्नांत हाच सोन्याचा. याचं उत्तर म्हणजे पुढच्या ग्राहकाच्या मनातली शंका, तिच्याच भाषेत. दोनाच्या पुढे प्रश्न विचारू नयेत. तिसऱ्या प्रश्नाला तो सर्व्हे होतो. उत्तर आलंच नाही तर आठवड्याने एकदा आठवण करायला हरकत नाही. त्यानंतरही गप्प असेल तर त्याचा अर्थ ‘नको’ असा घ्यायचा आणि विषय सोडायचा. दिवाळीत दोन हजारांचा फराळ घेतला म्हणून कोणी आपलं देणं लागत नाही.

आता असं एक उत्तर पूर्ण पाहू. मी इथे नमुन्यासाठी बांधलंय, पण खऱ्या उत्तरांचा बाज असाच असतो:

‘हो ताई शनिवारीच पोचला. सॉरी रिप्लाय द्यायचा राहिला घरात पाहुणे होते. खरं सांगू का मी जरा घाबरतच मागवलं होतं. गेल्या वर्षी दुसरीकडून मागवलं तर करंज्यांचा पार चुरा आणि चकल्या सादळलेल्या. ह्यांना म्हटलं पैसे गेले तर गेले. तुमचा डबा उघडला तर करंज्या सगळ्या अख्ख्या, फक्त वरच्या थरातल्या दोन फुटल्या होत्या. चकली आठ दिवसांनी पण कुरकुरीत होती हे विशेष, इथे पाऊस चालू होता तरी. शेव मला तिखट वाटली पण मुलांनी संपवली. सासूबाई म्हणाल्या अनारसे अगदी माझ्या हातचे वाटतात, त्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. पुढच्या वर्षी लवकर ऑर्डर देते.’

हे वाचून विकणारी हरखते आणि पहिल्या झटक्यात त्याचं असं काहीतरी करते: ‘कुरिअरने मागवलेला फराळ इतका ताजा आणि खुसखुशीत असेल असं वाटलं नव्हतं! अप्रतिम चव, उत्कृष्ट पॅकिंग. सासूबाईंनाही आवडला!’ शुद्ध, नीटस आणि पूर्ण निकामी. यात ‘अप्रतिम’ आणि ‘उत्कृष्ट’ हे शब्द त्या बाईने उच्चारलेलेच नाहीत. वाचणाऱ्यालाही ते कळतं, कसं कळतं हे सांगता आलं नाही तरी. कोणतीही बाई दुसऱ्या बाईला ‘उत्कृष्ट पॅकिंग’ असं म्हणत नाही. ओळ तयार झाली की ती फोनवर मैत्रिणीला सांगतोय अशी मोठ्याने म्हणून पाहायची. तोंडात अडखळली तर ती आपली आहे, ग्राहकाची नाही.

नियम मी एकच पाळतो: कापायचं, घालायचं नाही. शुद्धलेखन, विरामचिन्हं दुरुस्त करायला हरकत नाही. रोमन लिपीत टाईप केलेलं मराठी देवनागरीत आणणंही ठीक, त्याने माणसाचं म्हणणं बदलत नाही. पण नवा शब्द घालायचा नाही, आणि त्याच्या शब्दाच्या जागी आपल्याला बरा वाटणारा शब्द बसवायचा नाही. ग्राहक कोल्हापूरचा असेल आणि त्याने ‘लय भारी चिवडा’ म्हटलं असेल, तर ते ‘खूप छान चिवडा’ होता कामा नये. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी वळणाचं वाक्य पुस्तकी मराठीत आणलं की त्यातला माणूस निघून जातो आणि फक्त मत उरतं.

वरच्या उत्तरातून तीन स्वतंत्र ओळी निघतात. पहिली करंज्यांची:

‘मी जरा घाबरतच मागवलं होतं. गेल्या वर्षी दुसरीकडून मागवलं तर करंज्यांचा पार चुरा… तुमचा डबा उघडला तर करंज्या सगळ्या अख्ख्या, फक्त वरच्या थरातल्या दोन फुटल्या होत्या.’

मधल्या तीन टिंबांच्या जागी चकल्या आणि ‘ह्यांना म्हटलं’ कापलं आहे. ही टिंबं ठेवावीत. दोन लांबची वाक्यं शेजारी आणली आहेत, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तिने त्या दुसऱ्या विक्रेत्याचं नाव घेतलं असतं, तर ते मात्र काढलं असतं; कोणाच्या तरी गेल्या वर्षीच्या चुऱ्यावर आपली जाहिरात उभी करायची गरज नाही, आणि ते भांडण ग्राहकाच्या गळ्यात घालायचीही नाही.

मग प्रश्न येतो त्या दोन फुटलेल्या करंज्यांचा. विकणारीला तो शेवट खुपतो. ‘करंज्या सगळ्या अख्ख्या’ इथेच पूर्णविराम दिला की वाक्य छोटंही होतं आणि चकचकीतही. शब्द सगळे ग्राहकाचेच, एकही घातलेला नाही. तरीही ते खोटं आहे, कारण तिने सांगितलं त्याच्या उलटा अर्थ कापल्यामुळे तयार झाला. ‘कापायचं, घालायचं नाही’ हा नियम इथे पुरत नाही. म्हणून कापल्यानंतर मूळ निरोप पुन्हा वाचायचा आणि स्वतःला विचारायचं: तिने हे वाचलं तर ‘मी असं कुठे म्हटलं?’ असं म्हणेल का? ‘पण’, ‘फक्त’, ‘तरी’, ‘जरा’ हे शब्द कापताना हात थांबला पाहिजे. अर्थाची बिजागरी बहुतेक वेळा त्यांच्यातच असते. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ती फुटलेली जोडी राहू द्यावी. लांबच्या प्रवासात दोन करंज्या फुटणं कोणालाही पटतं. एकही फुटली नाही म्हटलं की शंका येते.

दुसरी ओळ चकलीची: ‘चकली आठ दिवसांनी पण कुरकुरीत होती, इथे पाऊस चालू होता तरी.’ इथे ‘हे विशेष’ तेवढं काढलं, ते बोलण्यातलं भरताड होतं. अकरा शब्दांची ही ओळ डब्यातल्या चिठ्ठीवर, स्टेटसवर, कुठेही बसते. साधारण दहा ते पंचवीस शब्दांत एक अभिप्राय मावतो. त्याहून लांब झाला की फोनच्या पडद्यावर लोक वाचत नाहीत. या ओळीत एक जोखीम आहे, आणि ती संपादनाची नाही. ‘आठ दिवस’ हा एका घरातला अनुभव आहे. त्याच घाण्यातल्या चकल्या मुंबईच्या चार घरांत पाचव्या दिवशी सादळल्या असतील, तर ही ओळ खरी असूनही पुढच्या ग्राहकाची फसवणूक करते. नेहमी घडतं ते छापावं. एखाद्या वेळी चमत्कार झाला तर तो मनात ठेवावा.

तिसरी ओळ सगळ्यांत गोड: ‘सासूबाई म्हणाल्या, अनारसे अगदी माझ्या हातचे वाटतात. त्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.’ कोणालाही हीच आधी छापावीशी वाटेल. पण यातली पहिली ओळ सासूबाईंची आहे आणि दुसरी सासूबाईंबद्दलची. सुनेने ती एका अनोळखी फराळवालीला हसत हसत सांगितली. तीच ओळ सुनेच्या नावासकट स्टेटसवर आली आणि पुण्यातल्या नणंदेने वाचली, तर त्या घरातल्या दिवाळीचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून पहिली ओळ सासूबाईंना विचारून, आणि दुसरी बहुधा नाहीच. ग्राहक आपल्याशी बोलतो तेव्हा तो प्रसिद्धीसाठी बोलत नसतो, ही गोष्ट कापताना सारखी डोक्यात ठेवावी लागते.

राहिली तिखट शेव. ती अभिप्रायात नाही घेतली तरी चालेल, प्रत्येक मत छापलंच पाहिजे असं बंधन नाही. मात्र ती वाया घालवू नये. पुढच्या वर्षीच्या यादीत शेवेपुढे ‘तिखट’ असं लिहायचं, म्हणजे लहान मुलांसाठी घेणारी आधीच साधी शेव मागेल. बरेचदा अभिप्राय मागण्याचा खरा फायदा इथे असतो, जाहिरातीत नाही.

ओळी तयार झाल्या की त्या परत ग्राहकाकडे जायला हव्यात. ‘तिने तर आपणहून लिहिलं, मग विचारायचं काय?’ असं बरेच जण म्हणतात. तिने तुम्हाला लिहिलं, जगाला नाही. शिवाय आता ते तिने लिहिलेलं जसंच्या तसं राहिलेलंही नाही. मेसेज साधा असावा:

‘ताई, तुम्ही करंज्यांबद्दल जे लिहिलंत ते नवीन ग्राहकांना फार उपयोगी पडेल. तुमचेच शब्द, थोडे कापून, खाली ठेवलेत. पुढच्या वर्षीच्या फराळाच्या यादीत आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकले तर चालेल का? नाव कसं द्यायचं, पूर्ण, नुसतं पहिलं, की फक्त ‘बेंगळुरूच्या ग्राहक’? काही बदलायचं असेल तर बदला. नको असेल तर अगदी बिनधास्त नाही म्हणा.’

कुठे वापरणार, हे त्यात आलंच पाहिजे. स्टेटस एका दिवसात जातं, छापील यादी वर्षभर लोकांच्या घरात राहते, दोन्हींना होकार एकच नसतो. नावाबद्दल आग्रह धरू नये. पूर्ण नाव आणि गाव असलेला अभिप्राय जास्त पटतो हे खरं, पण ‘बेंगळुरूच्या ग्राहक’ एवढ्यावरही काम भागतं, कारण या बाबतीत नावापेक्षा अंतर महत्त्वाचं आहे. मुलांचे फोटो अनेक जण हौसेने पाठवतात, लाडू खाणारं बाळ वगैरे. ते वापरण्याआधी आई-वडिलांना वेगळं, स्पष्ट विचारायचं. संकोचाने दिलेला होकार वाटला तर वापरूच नये.

होकार आला की मूळ निरोप, कापलेली ओळ, होकाराचा मेसेज आणि तारीख हे चारही एका वहीत किंवा शीटमध्ये एकत्र ठेवायचं. नुसत्या चॅटवर विसंबू नये. फोन बदलतो, बॅकअप राहून जातो, कोणी आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू ठेवलेले असतात. वर्षाने कोणी ‘हे मी म्हटलंच नव्हतं’ म्हणालं, तर दाखवायला मूळ निरोप लागतो.

व्हॉइस मेसेजवर येणारी उत्तरं हा वेगळा खजिना आहे. वयस्कर ग्राहक टाईप करायचा कंटाळा करतात आणि दोन मिनिटं मनापासून बोलतात. ते ऐकून जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, ‘म्हणजे बघ’, ‘काय सांगू’ यांच्यासकट, आणि मग कापायचं. ऐकता ऐकताच संक्षेप करत गेलं तर आपले शब्द त्यांच्या तोंडी कधी गेले ते कळत नाही. कन्नड शेजारणीने इंग्रजीत लिहिलं असेल तर मराठी करताना ‘अनुवाद’ असा उल्लेख करावा आणि अनुवादही तिला दाखवावा. तिला मराठी येत नसेल तर काय लिहिलंय ते समजावून.

हे सगळं टाळून सरळ स्क्रीनशॉट टाकण्याकडे बहुतेकांचा ओढा असतो. तो खरा वाटतो, हे मान्य. पण त्यात ग्राहकाचा फोटो, कधी नंबर, वरच्या बाजूला पत्ता आणि पैशांची बोलणी असं सगळं दिसतं. आणि खोटे चॅट तयार करून देणारी साधनं आता इतकी सहज मिळतात, की स्क्रीनशॉटला पूर्वी होती ती पत उरलेली नाही. टाकायचाच असेल तर नाव-फोटो झाकून, आणि विचारून.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असा समज आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ती जाहिरातीच्या रूपावर किंवा माध्यमावर अवलंबून नाहीत. शिफारस करणाऱ्याचं मत खरं असलं पाहिजे, बऱ्यापैकी ताजं असलं पाहिजे, आणि वस्तूबद्दलच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं असलं पाहिजे, असं त्यांत म्हटलं आहे. शिवाय विकणारा आणि शिफारस करणारा यांच्यात विश्वासावर परिणाम करील असा काही संबंध असेल, तर तो उघड सांगावा लागतो. सख्ख्या भाचीने ‘मावशीच्या हातचा लाडू जगात भारी’ लिहिलं, तर ती भाची आहे हे लिहायचं, किंवा तो लाडू घरातच ठेवायचा. ‘अभिप्राय पाठवा आणि पाव किलो चिवडा मोफत मिळवा’ हेही याच खात्यात येतं. चिवडा दिला असेल तर दिल्याचं सांगावं लागतं, आणि सांगितलं की त्या ओळीची किंमत उरत नाही. आभार मानायचे असतील तर नंतर, न सांगता, पुढच्या ऑर्डरमध्ये चार लाडू जास्त घालावेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फराळवालीच्या दारात उद्या कोणी येऊन उभं राहील असं मी म्हणत नाही. पण नियमाचा रोख कुठे आहे, ते यावरून कळतं.

खाद्यपदार्थांत एक खड्डा खास आहे. नाचणीचे लाडू किंवा मेथीचे लाडू घेणारे गृहस्थ मनापासून लिहितात, ‘तुमचे लाडू सुरू केल्यापासून माझी शुगर कमी झाली.’ माणूस खरा, मेसेज खरा, परवानगीही देतो. तरी ही ओळ वापरायची नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरात आणि दाव्यांबद्दलच्या २०१८च्या नियमांत, अन्नपदार्थ रोग बरा करतो किंवा टाळतो असं सुचवायला मनाई आहे. ‘आम्ही नाही म्हटलं, ग्राहक म्हणाले’ ही सबब टिकणारी नाही, कारण छापतो आपण. त्या गृहस्थांच्या शुगरला औषध, चालणं, पथ्य यांतलं काय लागू पडलं ते त्यांनाही ठाऊक नसतं, आणि ते वाचून दुसऱ्या कोणी गोळी बंद केली तर ते लाडूच्या डब्यावर येतं. त्यांना उलट विचारावं, ‘लाडू तुम्ही कधी खाता?’ ‘रोज सकाळी चहाबरोबर एक, गूळ बेताचा आहे म्हणून आवडतो’ असं काही निघालं, तर ते नक्की छापता येतं.

तयार झालेल्या ओळी एकत्र एका पानावर ओतल्या तर त्यांचा पुन्हा ‘छान, छान’ होतो. प्रत्येक ओळ तिच्या शंकेच्या शेजारी बसवायची. करंजीची ओळ कुरिअरच्या दराखाली, कारण लांबचा ग्राहक तिथेच थबकतो. चकलीची ओळ चकलीच्या भावासमोर. ‘शनिवारीच पोचला’ हे दोन शब्दांचं वाक्य ऑर्डरच्या शेवटच्या तारखेपाशी, आणि तिथे डबा कधी निघाला होता तेही लिहायचं, नाहीतर ‘शनिवार’ला अर्थ नाही.

या ओळींनाही मुदत असते. प्रत्येकीखाली वर्ष लिहावं, आणि दर दिवाळीआधी यादी करताना जुन्या ओळी त्या वर्षीच्या मालाशी ताडून पाहाव्यात. पुठ्ठ्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकची बरणी आली, कुरिअरवाला बदलला, करंजी तळण्याऐवजी भाजायला लागलात, तर ‘फक्त दोन फुटल्या’ हे वाक्य आता दुसऱ्याच करंजीबद्दल आहे. ते यादीतून काढायचं, आणि भाऊबीजेनंतर बेंगळुरूच्या ताईंना नवा मेसेज पाठवायचा: ‘या वेळी डबा बदललाय, उघडलात तेव्हा करंज्या कशा होत्या?’